शब्द बदलले, तरी लेखन तुमचं होत नाही: पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना खुले पत्र

पहिल्या वर्षात प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांनो,

वर्ष सुरू झालं की वाङ्मयचौर्य आणि शैक्षणिक प्रामाणिकपणा या विषयावर तुमच्यासमोर एक भाषण होतं. नियमावलीतली कलमं वाचून दाखवली जातात, शिक्षा सांगितल्या जातात आणि शेवटी एका प्रतिज्ञापत्रावर सह्या घेतल्या जातात. या वेळी ते भाषण माझ्याकडे आलं आहे. त्याआधी हे पत्र लिहितो आहे, कारण मला जे सांगायचं आहे ते सभागृहात बसून ऐकल्याने कळत नाही. त्यासाठी दोन परिच्छेद शेजारी शेजारी ठेवून वाचावे लागतात.

चोरी वाईट असते हे तुम्हाला घरूनच माहीत आहे. दुसऱ्याकडून निबंध लिहून घेऊन त्यावर स्वतःचं नाव घालणारा विद्यार्थी आपण काय करतोय हे पुरतं ओळखून असतो. त्याला पत्राची गरज नाही, त्याच्यासाठी नियम आहेत. चौकशीसाठी बोलावलेले पहिल्या वर्षाचे पुष्कळ विद्यार्थी मात्र खरोखर गोंधळलेले असतात. "सर, मी कॉपी-पेस्ट केलेलं नाही. सगळं माझ्या शब्दांत लिहिलंय," असं ते म्हणतात, आणि ते खोटं बोलत नसतात. त्यांनी एकेक शब्द बसून बदललेला असतो. नेमकं तेच त्यांच्या अंगाशी येतं.

लेखन-अध्यापनाच्या अभ्यासक रिबेका मूर हॉवर्ड यांनी १९९० च्या दशकात या प्रकाराला 'पॅचरायटिंग' असं नाव दिलं. मूळ मजकुरातले काही शब्द गाळायचे, काहींच्या जागी समानार्थी शब्द बसवायचे, वाक्याची रचना जराशी हलवायची. आपण त्याला ठिगळलेखन म्हणू. हॉवर्ड यांचं म्हणणं असं की, हे दर वेळी फसवण्याच्या हेतूने होत नाही. नवख्या विद्यार्थ्याला विषयाची भाषा अजून आलेली नसते, म्हणून तो लेखकाच्या वाक्यांना धरून चालतो. त्याला शिक्षा करण्यापेक्षा शिकवावं. मला हे पटतं, पण पूर्ण नाही. वहीत सराव म्हणून तसं लिहिलंत तर कुणाची हरकत नाही. स्वतःच्या नावाने, गुणांसाठी दिलेल्या निबंधात मात्र ती वाक्यं तुमची म्हणून वाचली जातात.

आता प्रत्यक्ष उदाहरण पाहू. खालचा उतारा एका पाठ्यपुस्तकाच्या पृष्ठ ४२ वर आहे असं समजा. कुणाच्या पुस्तकावर विनाकारण आळ नको, म्हणून तो मीच रचला आहे. त्यातली माहिती मात्र खरी आहे.

"१८५४ साली लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ भडकली, तेव्हा बहुतेक डॉक्टर दूषित हवेला दोष देत होते. जॉन स्नो या डॉक्टरने मात्र मृतांची घरे नोंदवली आणि ती ब्रॉड स्ट्रीटवरील एका हातपंपाभोवती दाटलेली आहेत हे दाखवून दिले. त्याच्या सांगण्यावरून पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती, हे त्याने स्वतःच नोंदवून ठेवले आहे."

निबंधाचा विषय होता: स्नोने मांडलेला पुरावा कितपत भक्कम होता? विद्यार्थ्याने लिहिलं:

"इ. स. १८५४ मध्ये लंडन शहरातील सोहो परिसरात कॉलऱ्याची साथ पसरली, त्यावेळी बहुतांश वैद्यांनी अशुद्ध हवेला जबाबदार धरले होते. परंतु डॉ. जॉन स्नो यांनी मरण पावलेल्यांची घरे नोंदवली व ती ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका पंपाच्या आजूबाजूला एकवटलेली असल्याचे सिद्ध केले. त्यांच्या सूचनेनुसार पंपाचा दांडा काढून टाकला गेला व साथ आटोक्यात आली."

दोन्ही पुन्हा सावकाश वाचा. सलग तीन शब्दही सारखे नाहीत, त्यामुळे संगणकाला इथे फारसं काही सापडणार नाही. माणसाला मात्र लगेच दिसतं. आधी साल आणि जागा, मग इतर डॉक्टरांचं मत, मग 'मात्र'च्या जागी 'परंतु', मग घरं, मग पंप, मग दांडा. माहितीतलं काय घ्यायचं, काय सोडायचं आणि कशानंतर काय सांगायचं, हे सगळं पाठ्यपुस्तकाच्या लेखकाने ठरवलं होतं. विद्यार्थ्याने ठरवलं ते एवढंच की 'भडकली' लिहायचं की 'पसरली'.

मला त्याहून खटकतात त्या दोन जागा वेगळ्या आहेत. मुळात 'दाखवून दिले' होतं, त्याचं 'सिद्ध केले' झालं. घरं पंपाभोवती दाटलेली दिसणं आणि रोग पाण्यातून पसरतो हे सिद्ध होणं, यांत पुष्कळ अंतर आहे. स्नोच्या काळात सरकारी आरोग्य मंडळाच्या चौकशी समितीनेही त्याचं स्पष्टीकरण मान्य केलं नव्हतं. दुसरी जागा शेवटची. साथ आधीच ओसरू लागली होती हे मूळ वाक्य गळालं आणि दांडा काढल्यामुळे साथ आटोक्यात आली, असा उलटा अर्थ उरला. स्वतः स्नोने लिहून ठेवलं आहे की बरेच लोक भाग सोडून पळाले होते, आणि पाणी बंद होण्याआधीच रुग्ण इतके घटले होते की पंपाच्या विहिरीत तेव्हा रोगाचं विष शिल्लक होतं की नाही हे ठरवता येत नाही. म्हणजे ज्या प्रश्नावर निबंध लिहायचा होता त्याचं अर्धं उत्तर त्या गळालेल्या वाक्यात होतं. शब्द बदलण्यात गुंतलेला माणूस वाक्य वाचत नाही, शब्दच वाचतो. अशा निबंधाला कमी गुण मिळतात ते केवळ नियम मोडल्यामुळे नव्हे. त्यात विषय समजल्याची खूणच नसते.

इथे हमखास एक प्रश्न येतो: "शेवटी कंसात पुस्तकाचं नाव आणि पृष्ठ दिलं असतं, तर चाललं असतं ना?" नाही. दोष सौम्य झाला असता, पण गेला नसता. संदर्भ देताना तुम्ही वाचकाला सांगता की माहिती तिथली आहे आणि मांडणी माझी आहे. मांडणीही तिथलीच असेल तर हे सांगणं खरं नसतं. मूळ वाक्य जसंच्या तसं हवं असेल तर अवतरणचिन्हं आणि संदर्भ ही दोन्ही लागतात. नुसता संदर्भ देऊन अवतरणचिन्हं गाळली, तर ते शब्द तुमचे ठरतात. ही चूक मला सर्वांत जास्त दिसते, आणि ती करणारे विद्यार्थी बहुधा कष्टाळू असतात.

मग हेच नीट कसं लिहायचं? दुसऱ्या एका विद्यार्थिनीने पाठ्यपुस्तकावर न थांबता स्नोचं १८५५ चं पुस्तक उघडलं असं समजू. त्यात तिला पंपापासून दूरच्या मृत्यूंचा हिशेब सापडला. तिने लिहिलं:

"स्नोचा पुरावा पंपाशेजारच्या मृत्यूंपेक्षा दूरच्या मृत्यूंमुळे अधिक भक्कम होतो. दुसरा पंप स्पष्टपणे जवळ होता अशा घरांत त्याला फक्त दहा मृत्यू आढळले. त्यांपैकी पाच जणांची कुटुंबे तरीही ब्रॉड स्ट्रीटचेच पाणी मागवत होती, आणि तीन मुले त्या पंपाजवळच्या शाळेत जात होती (स्नो, १८५५). साथ थांबण्याचे श्रेय मात्र दांडा काढण्याला देता येत नाही, कारण तोवर ती ओसरू लागली होती (पाठ्यपुस्तक, पृ. ४२)."

माहिती इथेही सगळी दुसऱ्यांचीच आहे. तिने एकही नवा शोध लावलेला नाही आणि पहिल्या वर्षात तशी कुणाची अपेक्षाही नाही. पण पहिलं वाक्य कुठल्याही पुस्तकातून आलेलं नाही. निबंधाच्या प्रश्नाला तिने दिलेलं ते उत्तर आहे, आणि पुढची माहिती त्या उत्तराला आधार म्हणून आली आहे. कोणती गोष्ट कुठून घेतली हे जागच्या जागी कळतं. मला तिच्याशी वाद घालायचा असेल तर कोणतं पुस्तक उघडायचं, हेही कळतं. दहातल्या उरलेल्या दोन मृत्यूंचं काय, असं मी समासात लिहीन. तिने वाचलं असेल तर ती सांगेल की साथ भडकण्याआधीही कॉलऱ्याने तुरळक मृत्यू होतच होते आणि ते दोन स्नोने त्यांत धरले. इथून पुढे आमचं बोलणं विषयावर चालेल.

या दोघांत हुशारीचा फरक असेलच असं नाही. फरक काम करण्याच्या क्रमात आहे. पहिल्याने लिहिताना पुस्तक समोर उघडं ठेवलं होतं. उघड्या पुस्तकासमोर बसून 'स्वतःच्या शब्दांत' लिहिणं अनुभवी लेखकालाही जड जातं, कारण समोरचं वाक्य डोळ्यांत असताना दुसरं सुचत नाही. म्हणून परिच्छेद वाचा, पुस्तक बंद करा आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यात काय होतं ते कुणाला तोंडी सांगितल्यासारखं लिहा. आठवलं नाही तर समजलेलं नाही, पुन्हा वाचा. लिहून झाल्यावरच पुस्तक उघडा आणि दोन गोष्टी तपासा: आकडे, नावं, दावे बरोबर उतरलेत का, आणि मूळ लेखकाचा एखादा खास शब्दप्रयोग नकळत उतरला आहे का. उतरला असेल तर अवतरणचिन्हांत टाका किंवा वाक्य मोडून नव्याने लिहा. संदर्भ त्याच क्षणी लिहा. 'नंतर घालू' म्हटलेले संदर्भ शेवटच्या रात्री सापडत नाहीत.

याच्याही आधीची पायरी टिपणांची. पुष्कळ प्रकरणांचं मूळ निबंधात नसतं, तीन आठवडे आधीच्या वहीत असतं. वाचताना आवडलेलं वाक्य घाईत तसंच उतरवलं, अवतरणचिन्हं घातली नाहीत, पृष्ठ लिहिलं नाही. पुढे लिहायला बसल्यावर ते आपलंच वाक्य वाटतं, आणि अक्षर आपलं असल्यामुळे शंकाही येत नाही. म्हणून जसंच्या तसं उतरवलेलं वाक्य टिपताना लगेच अवतरणचिन्हांत घाला आणि पुढे पृष्ठ लिहा. सारांश असेल तर फक्त पृष्ठ. स्वतःला सुचलेलं असेल तर समोर काहीतरी वेगळी खूण, मी 'माझं' असं लिहितो. वही असो की फाइल, नियम तोच. चौकशीत विद्यार्थ्याच्या बाजूने बोलणारा सर्वांत चांगला साक्षीदार अशी टिपणं हाच असतो, तेव्हा निबंध दिल्यावर ती फेकू नका.

साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दलही बोलायला हवं, कारण त्याची भीती आणि त्यावरचा भरवसा दोन्ही अवास्तव आहेत. ते सॉफ्टवेअर चोरी ओळखत नाही. ढोबळमानाने सांगायचं तर ते तुमच्या मजकुराचे सलग शब्दांचे छोटे तुकडे पाडतं आणि आपल्या साठ्यातल्या मजकुराशी ते जुळतात का ते पाहतं. अहवालावरची टक्केवारी म्हणजे जुळलेल्या मजकुराचं प्रमाण. त्यात नीट दिलेली अवतरणं येतात, शेवटची संदर्भसूची येते, प्रश्नाचं वाक्य येतं, प्रयोगाच्या पद्धतीतली ठरावीक वाक्यंही येतात. म्हणून २२ टक्क्यांचा निबंध निर्दोष असू शकतो आणि ४ टक्क्यांचा गंभीर, जर ते ४ टक्के म्हणजे निष्कर्षाचा अख्खा परिच्छेद असेल. "किती टक्क्यांपर्यंत चालतं?" हा प्रश्न मला दर वर्षी विचारला जातो. टक्के खाली आणण्यासाठी समानार्थी शब्द शोधत बसणं म्हणजे वरच्या पहिल्या विद्यार्थ्याने केलं तेच करणं. दुसऱ्या भाषेतला लेख अनुवाद करून आपला म्हणून दिला तर अहवाल बहुधा स्वच्छ येईल, लेखन मात्र तुमचं होणार नाही.

शिक्षकाला संशय येतो तो अहवालाच्या आधी, मजकुरातूनच. 'आकृती ३ मध्ये दाखवल्याप्रमाणे' असं वाक्य येतं आणि निबंधात एकही आकृती नसते. 'गेल्या दोन वर्षांत' म्हणून ज्या घटना सांगितल्या आहेत त्या तुमच्या जन्माआधीच्या असतात. एका परिच्छेदात संज्ञा अचूक येते आणि पुढच्याच परिच्छेदात तीच संज्ञा चुकीच्या अर्थाने. सूचीत बारा पुस्तकं असतात आणि मजकुरात त्यांतल्या एकाचाही उल्लेख नसतो. असं दिसलं की मी विद्यार्थ्याला बोलावतो आणि म्हणतो, हा परिच्छेद मला समजावून सांग. बहुतेक वेळा पाच मिनिटांत उलगडा होतो, आणि तो नेहमी विद्यार्थ्याच्या विरोधातच जातो असं नाही.

सूचीवरून आठवलं. न वाचलेल्या पुस्तकांचे संदर्भ दुसऱ्याच्या सूचीतून उचलणं तुम्हाला किरकोळ वाटेल. शास्त्रज्ञही ते करतात, आणि त्याचा माग एका गमतीदार पद्धतीने काढला गेला आहे. सिमकिन आणि रॉयचौधरी या संशोधकांनी २००३ मध्ये संदर्भांतल्या छपाईच्या चुका मोजल्या. भौतिकशास्त्रातल्या एका गाजलेल्या लेखाचा उल्लेख सुमारे ४,३०० ठिकाणी झाला होता. त्यांपैकी १९६ उल्लेखांत चूक होती, पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५ होत्या. एकच चूक तर ७८ वेळा आली होती. इतक्या जणांच्या हातून स्वतंत्रपणे तीच चूक होणं जवळपास अशक्य आहे, म्हणजे ती एकमेकांच्या सूचीतून उतरवली गेली. यावरून त्यांनी अंदाज बांधला की उल्लेख करणाऱ्यांपैकी जेमतेम पाचव्या हिश्शाने मूळ लेख वाचला असावा. अंदाज थोडा कडक असेल, पण तर्क बिनतोड आहे, आणि आम्ही दोन उत्तरपत्रिका शेजारी ठेवतो तेव्हा हाच तर्क वापरतो. बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखी असतात. चूकही सारखीच असेल तर ती कुठून आली, हे विचारावं लागतं.

तुम्ही स्नोचं पुस्तक पाहिलं नसेल आणि त्याचं म्हणणं पाठ्यपुस्तकातून घेतलं असेल, तर तसंच लिहा: स्नो, १८५५, अमुक पाठ्यपुस्तकात उद्धृत, पृ. ४२. यात कमीपणा काही नाही. उलट पाठ्यपुस्तकाने चूक केली असेल तर ती तुमच्या माथी येत नाही.

मैत्रीबद्दल थोडक्यात. विषयावर एकमेकांशी बोला, भांडा, एकमेकांचा कच्चा मसुदा वाचा. बोलून झाल्यावर लिहायला मात्र वेगवेगळे बसा. आपली फाइल 'फक्त बघायला' देऊ नका. ती ज्या रूपात परत येते ती पाहून देणाऱ्यालाच घाम फुटतो, आणि चौकशीला दोघांनाही बोलावलं जातं. प्रयोगाची निरीक्षणं गटाने मिळून घेतली असतील तर गटातल्यांची नावं लिहा. आकडे सामाईक चालतील, त्यांवरचं विवेचन नाही.

हेतूचं काय, असं तुम्ही विचाराल. "मला माहीत नव्हतं" हे आम्ही ऐकतो आणि शिक्षा ठरवताना विचारातही घेतो. पण दोष झाला की नाही हे सहसा मजकुरावरून ठरतं, मनात काय होतं त्यावरून नाही. आणि हे पत्र वाचल्यानंतर ते कारण तुमच्याकडे तसंही उरत नाही.

वेळ संपत आला असेल तर मुदत वाढवून मागा. नाही मिळाली तर जेवढं झालं आहे तेवढंच द्या. अपुऱ्या निबंधाचे गुण जातात, पण ते पुढच्या निबंधात भरून काढता येतात. दुसऱ्याच्या परिच्छेदांनी पूर्ण केलेल्या निबंधाची फाइल चौकशी समितीकडे जाते, आणि तिथून ती लवकर परत येत नाही.

पहिला निबंध देण्याआधी, आपलं वाक्य मूळ मजकुराच्या फार जवळ गेलंय का अशी शंका आली तर माझ्याकडे या. मूळ पान, तुमचा परिच्छेद आणि टिपणं अशी तिन्ही आणा. एखादं नसेल तर मला काही सांगता येणार नाही. निबंध जमा करण्याआधी आलात तर तो अभ्यासाचा भाग आहे आणि त्याची कुठेही नोंद होत नाही. जमा केल्यानंतर तोच प्रश्न घेऊन आलात, तर मला तो नियमांप्रमाणे हाताळावा लागेल.

तुमचा,
या वर्षी हे भाषण देणारा शिक्षक